खराडीचा टू बीएचके: कागदावरचे ४ टक्के आणि हाती पडणारे २.३

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. पुण्यात खराडीला ६७० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके रीसेलमध्ये ८५ लाखांना मिळतो आहे. सध्या मालक स्वतःच राहतात. एजंट म्हणतो महिना २८,००० भाडे सहज येईल, म्हणजे ४ टक्के परतावा. मेंटेनन्स ३,८०० आहे, मिळकतकराचे बिल ९,६०० चे दाखवले. फ्लॅट रिकामा राहणे, मेंटेनन्स, कर हे सगळे जाऊन खरा परतावा आणि कॅप रेट किती धरायचा? ६० लाखांचे कर्ज घ्यायचा विचार आहे.

उत्तर: माझ्या हिशेबाने या फ्लॅटचा कॅप रेट, म्हणजे सगळे खर्च जाऊन वर्षाला उरणारी रक्कम भागिले फ्लॅटची किंमत, २.३ टक्के येतो आणि तुमच्या खिशातून जाणाऱ्या एकूण पैशांवरचा परतावा २.१ टक्क्यांच्या जवळपास. एजंटने खोटे सांगितलेले नाही. २८,००० गुणिले १२ म्हणजे ३,३६,०००, त्याला ८५ लाखांनी भागले की ३.९५ टक्के येतात. पण त्या भागाकारात वरचा आकडा पूर्ण वर्षाचा आणि बिनखर्चाचा आहे, आणि खालच्या आकड्यात फ्लॅट भाड्याने देण्याजोगा होईपर्यंतचा खर्च नाही. मी अठरा वर्षे पुण्यात बाहेरगावच्या मालकांचे फ्लॅट भाड्याने देतो आणि सांभाळतो. दोन्ही आकडे मी कसे धरतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पटणार नाही तिथे तुमचा आकडा घालता येईल.

आधी खालचा आकडा. पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, म्हणजे ५,९५,०००. एकट्या महिलेच्या नावावर खरेदी केली तर १ टक्का सवलत आहे, तुमच्या व्यवहारात ती ८५,००० रुपयांची. शुल्क कराराची रक्कम आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, म्हणून रेकनरचा दर आधी बघून घ्या. नोंदणी फी ३०,०००, दलाली १ टक्का धरली तर ८५,०००, सोसायटीचे हस्तांतर अधिमूल्य २५,०००. मालकांनी स्वतःसाठी वापरलेला फ्लॅट जसाच्या तसा चांगल्या भाड्याला जात नाही. रंग, किचन ट्रॉली, एक-दोन वॉर्डरोब, गिझर, पंखे, जाळ्या यांवर मी २,६५,००० धरले आहेत. सगळे मिळून ९५ लाख. पुढे फ्लॅट विकताना यातले मुद्रांक शुल्क आणि दलाली परत येत नाही, पण पैसे तुमचे गेलेले असतात. म्हणून ‘माझ्या पैशांवर काय मिळते’ या प्रश्नाला ९५ हाच भाजक.

आता वरचा आकडा, आणि इथे मला सावकाश जायचे आहे, कारण बहुतेक मालक रिकाम्या महिन्यांचा हिशेब चुकीच्या जागी करतात. ते म्हणतात, खराडीत आयटीची मागणी आहे, फ्लॅट आठवड्यात जातो. जातो, हे खरे. पण नवा भाडेकरू बहुतेक १ तारखेला राहायला येतो. जुना भाडेकरू ३१ ला सामान हलवतो, मग भिंती उघड्या पडतात, रंगाऱ्याला आठ-दहा दिवस लागतात, एखादा नळ बदलायचा निघतो, आणि फ्लॅट दाखवण्यालायक होईपर्यंत महिन्याची १५-२० तारीख येते. तेव्हा जो हो म्हणतो त्याने आपल्या सध्याच्या घरी महिन्याची नोटीस द्यायची असते. म्हणजे तो पुढच्या १ ला नाही, त्याच्या पुढच्या १ ला येतो. मागणी असलेल्या भागातही भाडेकरू बदलला की दोन महिने जातात ते असे. मालक गावात असेल आणि जुना भाडेकरू राहत असतानाच फ्लॅट दाखवू देत असेल तर एका महिन्यात भागते. तुम्ही नाशिकहून हे करणार आहात, म्हणून दोन धरा.

भाडेकरू ११ महिन्यांचे दोन करार राहिला, मग दोन महिने रिकामे, असे २४ महिन्यांचे चक्र मी गृहीत धरतो. म्हणजे सरासरी वर्षाला एक महिना रिकामा. ३,३६,००० चे ३,०८,००० झाले.

पण भाडेकरू बदलला की फक्त भाडे थांबत नाही. रंगाचे २६,०००, दलालीचे अर्धा महिना म्हणजे १४,०००, साफसफाई आणि किरकोळ नळ-विजेच्या कामांचे ८,०००, असे ४८,००० एकदम निघतात. दोन वर्षांनी एकदा, म्हणून वर्षाला २४,०००. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार महाराष्ट्रात सक्तीचा आहे. त्याचे मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि करणाऱ्याची फी यांतला तुमचा वाटा वर्षाला २,००० पुरतो.

हाच हिशेब भाडेकरू किती टिकतो यावर फिरवून बघा. दर ११ महिन्यांनी बदलला तर १३ महिन्यांच्या चक्रात ३,०८,००० येतात, ४८,००० जातात. वर्षावर आणले की हाती २,४०,०००. दोन करार टिकला तर २,८४,०००. आता समजा तिसऱ्या कराराला त्याला थांबवायचे म्हणून तुम्ही पहिल्यापासून २७,००० च घेतले आणि तो ३३ महिने राहिला. ३५ महिन्यांच्या चक्रात ८,९१,००० आले, ४८,००० गेले, वर्षाला साधारण २,८९,०००. भाडे महिन्याला १,००० ने कमी घेऊनही २८,००० घेणाऱ्यापेक्षा वर्षाला ५,००० जास्त. दर नूतनीकरणाला १० टक्के वाढ मागून चांगले कुटुंब घालवणाऱ्या मालकांना मी हाच कागद दाखवतो. वाढ मागूच नये असे नाही, पण ती मागताना समोर ४८,००० अधिक दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे लाखाच्या वरची रक्कम पणाला लागलेली असते.

मेंटेनन्स ३,८०० म्हणजे वर्षाला ४५,६००, आणि तो रिकाम्या महिन्यांतही भरायचा असतो. शिवाय फ्लॅट भाड्याने दिला की सहकारी सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. ३,८०० मधले सेवा शुल्क ३,००० असेल तर महिना ३००, वर्षाला ३,६००. भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून याच्या कितीतरी पट मागणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. म्हणून टोकन देण्याआधी चालू बिलाच्या सगळ्या ओळी वाचा. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालची असेल, पुण्यात तशा पुष्कळ आहेत, तर हा आदेश तिथे थेट लागत नाही. तिथे घोषणापत्र आणि उपविधी काय म्हणतात ते बघावे लागेल.

मिळकतकराचे ९,६०० चे बिल हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात फसवा आकडा आहे. मालक स्वतः राहतात. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. तुम्ही फ्लॅट भाड्याने दिलात की ही सवलत तुम्हाला नाही. ९,६०० हे सवलतीनंतरचे बिल असेल, तर सवलतीविना ते ९,६०० भागिले ०.६, म्हणजे अंदाजे १६,००० होईल. विकणाऱ्याच्या नावावरची सवलत तशीच चालू ठेवून फ्लॅट भाड्याने द्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. घेऊ नका. नोंदणीकृत भाडेकरार म्हणजे तिथे तुम्ही राहत नाही याचा लेखी पुरावा आहे, आणि तपासणीत सापडले तर मागच्या तारखेपासून फरक भरावा लागतो. हिशेबात १६,००० च धरा.

शेवटचा खर्च दरवर्षी दिसत नाही, म्हणून लोक तो शून्य धरतात. माझ्या स्वतःच्या फ्लॅटला तिसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावर बाथरूमचे पाणी उतरले. फरशी काढून वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, खालच्यांच्या छताचा रंग, असे ५५,००० एका महिन्यात गेले, म्हणजे त्या वर्षी हाती उरायचे त्यातला चौथा हिस्सा. गिझर सात-आठ वर्षांत संपतो, ट्रॉलीची चाके त्याआधी. आणि सोसायटी बाहेरून रंग काढते किंवा लिफ्ट बदलते तेव्हा प्रत्येक सदनिकेला वेगळी वर्गणी येते. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीत, दरवर्षी जमा करायचे असते. ते नियमाने जमा होत असेल तर ही वर्गणी लहान राहते. जिथे मेंटेनन्स ‘खूप कमी’ आहे म्हणून कौतुक होते, तिथे बहुधा हे निधीच भरलेले नसतात आणि मोठे बिल पुढे ढकललेले असते. या सगळ्यासाठी मी वर्षाला २०,००० बाजूला काढतो.

आता बेरीज करू. मेंटेनन्स ४५,६००, नॉन-ऑक्युपन्सी ३,६००, मिळकतकर १६,०००, भाडेकरू बदलाचे २४,०००, करारांचे २,००० आणि दुरुस्तीचे २०,०००, एकूण १,११,२००. आलेल्या ३,०८,००० मधून ते गेले की १,९६,८०० उरतात. याला नेट ऑपरेटिंग इन्कम म्हणतात. ८५ लाखांनी भागले तर २.३२ टक्के, हा कॅप रेट. ९५ लाखांनी भागले तर २.०७ टक्के, हा तुमच्या गुंतवणुकीवरचा निव्वळ परतावा.

एका प्रश्नाचे उत्तर एजंटकडून लेखी घ्या: २८,००० मेंटेनन्ससह की मेंटेनन्स वेगळा? पुण्यात दोन्ही पद्धती चालतात आणि बोलताना कोणी स्पष्ट करत नाही. भाडेकरू वर मेंटेनन्स देणार असेल तर वर्षातले ११ महिने तुमचे ३,८०० वाचतात, उरलेली रक्कम २,३८,६०० होते आणि कॅप रेट २.८ वर जातो. एवढ्या एका वाक्याने अर्धा टक्का हलतो.

दोन भाजक का, हे समजणे महत्त्वाचे आहे. कॅप रेट नेहमी आजच्या बाजारभावावर काढायचा, तुम्ही कितीला घेतला त्यावर नाही, आणि त्यात कर्जाचा हप्ता आणि आयकर धरायचा नाही. त्यामुळे तो मालकाचा नाही, फ्लॅटचा गुण सांगतो, आणि दोन फ्लॅट एका मापाने मोजता येतात. माझ्याकडे एक मालक आहेत, त्यांनी अशाच फ्लॅटला बऱ्याच वर्षांपूर्वी ४५ लाख दिले होते. त्यांना वाटते आपल्याला ४.४ टक्के सुटतात. ४५ वर भागले तर सुटतातच. पण ठेवायचा की विकायचा हे ठरवताना त्यांचे आज अडकलेले पैसे ८५ लाख आहेत, त्यातून विक्रीचा खर्च आणि भांडवली नफ्यावरचा कर वजा करायचा इतकेच. त्या रकमेवर त्यांनाही सव्वादोन-अडीच टक्केच मिळत आहेत.

तुम्हाला कॅप रेटचा खरा उपयोग भाव पाडताना होईल. त्याच भागातले, तितक्याच वयाच्या इमारतींतले तीन-चार फ्लॅट असेच मोजा. समजा ते २.६ च्या आसपास निघाले, तर या फ्लॅटची त्याच मापाने किंमत १,९६,८०० भागिले ०.०२६, म्हणजे ७५.७ लाख होते. ८५ मागणाऱ्याने वरच्या ९ लाखांचे कारण सांगायला हवे: जास्त चांगला पार्किंग, वरचा मजला, नवे बांधकाम, काहीतरी. मात्र जुन्या इमारतीचा कॅप रेट जास्त दिसला म्हणून तो फ्लॅट स्वस्त समजू नका. लिफ्ट, ड्रेनेज, पाण्याच्या टाक्या यांची मोठी कामे जवळ आलेली असतात, बाजार ती भावातून आधीच वजा करतो, आणि माझे २०,००० तिथे पुरणार नाहीत.

कर्जाचे गणित वेगळ्या कागदावर मांडा. ६० लाख, २० वर्षे, ८.५ टक्के धरले तर हप्ता ५२,००० च्या थोडा वर, वर्षाला सव्वासहा लाख. फ्लॅट देतो १,९६,८००. फरक वर्षाला ४,२८,०००, म्हणजे महिन्याला ३५,७०० तुमच्या पगारातून. ८.५ टक्क्यांनी आणलेला पैसा २.३ टक्के देणाऱ्या वस्तूत घातला की प्रत्येक लाखाच्या कर्जामागे सुरुवातीच्या वर्षांत सहा हजारांच्या वर तूट पडते. ही तूट भाडेवाढीने चार-पाच वर्षांत भरून निघते असे सांगितले जाते. ५ टक्के वाढीने २८,००० चे पाच वर्षांनी ३५,७०० होतात, हप्ता तोपर्यंत ५२,००० च असतो.

आयकरही थोडक्यात. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. रंग, मेंटेनन्स, दलाली हे सगळे त्या ३० टक्क्यांतच आले असे कायदा मानतो, प्रत्यक्ष खर्च वेगळा दाखवता येत नाही. कर्ज न घेता विकत घेतलात आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ३,०८,००० वजा १६,००० म्हणजे २,९२,०००, त्याचे ७० टक्के २,०४,४००, त्यावर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी ६३,८०० च्या जवळपास कर. हातात १,३३,०००. ९५ लाखांवर १.४ टक्के. कर्ज घेतले तर व्याजाची वजावट भाड्यातून मिळते आणि हा कर जवळजवळ संपतो. पण नव्या करप्रणालीत भाड्यापेक्षा जास्त गेलेले व्याज पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच ते करता येते.

तरी लोक घेतात, आणि सगळेच चुकतात असे मी म्हणणार नाही. ठेवीचे व्याज तुमच्या मुदतीत तेवढेच राहते, भाडे आणि किंमत वाढत जाते. म्हणून २.३ ची तुलना बँकेच्या ठेवीशी सरळ होत नाही. भाडे आणि किंमत साधारण एका वेगाने वाढतील असे धरले, तर करापूर्वीचा एकूण परतावा म्हणजे कॅप रेट अधिक तो वाढीचा वेग. तुम्हाला ९ टक्के हवे असतील तर खराडीतल्या या एका फ्लॅटचे भाडे आणि भाव दोन्ही दरवर्षी ६.७ टक्क्यांनी, सतत दहा-पंधरा वर्षे वाढायला हवेत. तेही इमारत जुनी होत असताना, आणि शेजारी नव्या इमारती उभ्या राहत असताना. तुम्हाला हा वेग पटत असेल तर ८५ ला घ्या. मला ६.७ जास्त वाटतो. माझे पैसे असते तर मी ७६ पासून बोलायला सुरुवात केली असती आणि कर्ज निम्म्यावर आणले असते.

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन कागद मागा. सोसायटीची गेल्या वर्षाची मेंटेनन्सची बिले ओळवार, त्यात वेगळ्या वर्गणीची नोंद आहे का ते दिसेल. गेल्या दोन वार्षिक सभांचे इतिवृत्त, कारण लिफ्ट किंवा रंगाची चर्चा पैसे मागण्याच्या वर्षभर आधी तिथे होते. आणि मिळकतकराचे बिल, सवलत लागली आहे का हे पाहायला. भाड्याचा आकडा एजंटवर सोडू नका. सोसायटीच्या कार्यालयात भाडेकरूंच्या करारांच्या प्रती असतात, त्याच इमारतीतले शेवटचे तीन-चार टू बीएचके कितीला गेले ते सचिव सांगू शकतात. संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन वॉचमनशी बोला, किती फ्लॅट रिकामे आहेत ते त्याला नेमके ठाऊक असते. १२० मध्ये ९ रिकामे असतील तर ते साडेसात टक्के झाले, माझ्या वर्षाला एक महिन्याच्या अंदाजाशी जुळणारे. २० रिकामे असतील तर माझा हिशेब तुमच्यासाठी फार आशावादी आहे. रिकाम्या महिन्यांच्या जागी तुमचा आकडा घालून १,९६,८०० पुन्हा काढा, मग भावाचे बोला. कधी एखादा आधीच भाड्याने दिलेला फ्लॅट बघितलात, तर त्याचे महावितरणचे बिल मागा. मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर त्यावर छापलेला असतो, आणि जे महिने जवळजवळ शून्यावर आहेत ते फ्लॅट रिकामा असल्याचे महिने असतात, मालक काहीही सांगोत.